सेलचा नारळ फोडण्याआधी



शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणाऱ्या बाईला गल्लीत काय काय करावं लागतं, ते एकदा सवडीने सांगेन. कुणाच्या मुंजीची पत्रिका, कुणाचा सोसायटीला अर्ज, कुणाच्या निवृत्तीचं मानपत्र. ‘तुम्ही बीए झालात ना, मग लिहा!’ असं म्हणून कागद पुढे करतात. पण २०२५ सालच्या दिवाळीआधी शेजारच्या वहिनी कागद घेऊन आल्या, तेव्हा मात्र मी जरा चपापले. त्यांच्या साडीच्या दुकानाचा दिवाळी सेल शनिवारी, ११ ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता आणि उद्घाटनाचं भाषण वहिनींनी करायचं असं ठरलं होतं.

‘भाऊजी का नाही करत?’ मी विचारलं.

‘गेल्या वर्षी त्यांनीच केलं होतं,’ वहिनी म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

गेल्या वर्षी काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. २०२४ च्या दिवाळीला दुकानावर भला मोठा फलक लागला होता, ‘५० टक्क्यांपर्यंत सूट’. भाऊजी माइकवर तेच जोरजोरात सांगत होते. आता ऐकणारीला ‘पन्नास’ ऐकू येतं, ‘पर्यंत’ ऐकू येत नाही. अर्धी किंमत होती ती कोपऱ्यातल्या पंचवीस-तीस साड्यांची, बाकी सगळ्यांवर दहा टक्के. एका बाईंनी घरातल्या सगळ्यांसाठी म्हणून पाच साड्या निवडल्या. पिशवीत अर्ध्या किमतीच्या हिशेबाने पैसे आणलेले. गल्ल्यावर बिल ऐकलं आणि त्या पाचही साड्या तशाच टाकून निघून गेल्या. लग्नाच्या बस्त्यापासून ह्याच दुकानात येणाऱ्या बाई त्या. जाताना एवढंच म्हणाल्या, ‘मी काही मागायला आले नव्हते.’ त्यानंतर त्यांनी दुकानाची पायरी चढली नाही. त्यांच्या दोन्ही जावांनीही नाही.

तेव्हा ह्या वेळच्या भाषणात काय पणाला लागलं होतं, ते मला कळत होतं.

वहिनींनी आणलेला कागद भाऊजींनीच लिहिलेला होता. सुरुवात अशी: ‘सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर, आणि ग्राहकराजा’. पुढे आजोबांनी दुकान कसं थाटलं, त्यात दीड पान. मग प्रकाशाचा सण, अंधाराचा नाश, त्यात एक पान. सवलती शेवटच्या सहा ओळींत. मी घड्याळ लावून वहिनींना वाचायला सांगितलं. नऊ मिनिटं झाली. मी म्हटलं, ‘वहिनी, शाळेच्या गॅदरिंगला मुलं सतरंजीवर बसलेली असतात, त्यांना पळून जाता येत नाही. तुमच्या बायका उन्हात, कडेवर मूल घेऊन, दाराकडे डोळे लावून उभ्या असणार. फार तर तीन मिनिटं देतील.’

तीन मिनिटं म्हणजे वहिनींच्या संथ बोलण्याने तीनशेच्या आसपास शब्द. मी वहीच्या एका पानावर रेघ मारली आणि म्हटलं, एवढ्यातच सगळं बसवायचं. आजोबांना एक वाक्य. प्रकाशाच्या सणाला तेही नाही. दिवाळी आली आहे हे बायकांना आपण सांगायला नको, त्यांनी अनारशाचं पीठ करून ठेवलेलं असतं.

पण भाषण लिहायला बसलो आणि पहिल्या ओळीलाच अडलो. म्हणजे शब्दांना नव्हे, सवलतींनाच. माइकवर जे म्हणायचं ते गल्ल्यावर तसंच्या तसं उतरलं पाहिजे. भाऊजींच्या मनात चार गोष्टी होत्या. संध्याकाळी त्यांनाही बोलावलं. चहा झाला आणि एकेक गोष्ट घेतली.

पहिली म्हणजे ‘वीस टक्के सूट, आणि पहिल्या दिवशी वर आणखी दहा टक्के’. भाऊजी म्हणाले, ‘तीस टक्के म्हणून सांगू.’ मी पाठीवरच्या कागदावर हिशेब मांडला. दोन हजारांची साडी. वीस टक्के गेले, राहिले सोळाशे. आता पुढचे दहा टक्के ह्या सोळाशेवर, म्हणजे एकशे साठ. बिल झालं चौदाशे चाळीस. तीस टक्के म्हटलं असतं तर बाईच्या मनात चौदाशे असते. खरी सूट अठ्ठावीस टक्के. फरक चाळीस रुपयांचा, पण हे चाळीस रुपये बिलाच्या खिडकीशी, मागे रांग उभी असताना उगवतात. भाऊजी म्हणाले, ‘गणित तर बरोबर आहे.’ गणित बरोबर असतं हो, पण ते बाईने घरून केलेलं नसतं. शेवटी ‘आणखी दहा’ काढूनच टाकलं. वीस म्हणजे वीस. शिवाय माइकवर टक्के सांगायचेच असले तर लगेच रुपयांत सांगायचे, ‘हजाराची साडी आठशेला’. टक्क्याचा हिशेब उभ्याउभ्या सगळ्यांना होत नाही, आठशे मात्र सगळ्यांना कळतात.

दुसरी, ‘तीन साड्यांवर एक मोफत’. ही योजना बायकांना आवडते, कारण दिवाळीला नणंद, जाऊ, कामवाली, आई अशा चार साड्या घ्यायच्याच असतात. पण कुठली मोफत? बाईने बाराशे, नऊशे, साडेसातशे आणि सहाशे अशा चार साड्या निवडल्या, तर तिच्या मनात बाराशेची मोफत असते आणि दुकानदाराच्या मनात सहाशेची. चारींची बेरीज चौतीसशे पन्नास. सहाशेची मोफत गेली तर द्यायचे अठ्ठावीसशे पन्नास. म्हणजे सूट शेकडा सतराच्या जरा वर पडली. चारही साड्या एकाच किमतीच्या असत्या तर मात्र बरोबर पंचवीस टक्के. हे मी तुम्हांला एवढ्यासाठी सांगते आहे की, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा चारही साड्या जवळजवळ सारख्या किमतीच्या घ्या, फायदा जास्त. आणि वहिनींसाठी धडा हा, की ‘कमी किमतीची मोफत’ हे शब्द फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत नकोत. ‘एक मोफत’ म्हटल्यावर त्याच श्वासात यायला हवेत.

तिसरी गोष्ट रेडिमेड कुर्त्यांची. दुकानाच्या मागच्या भागात कुर्ते, ड्रेस असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून एक हजाराच्या वर आणि अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. कर सोडून बाराशे किंमत असलेला कुर्ता आधी तेराशे चव्वेचाळीसला पडायचा, तो बाराशे साठला पडू लागला. चौऱ्याऐंशी रुपये उतरले. भाऊजींचं म्हणणं, ‘हीच आमची दिवाळी सूट म्हणून सांगायची.’ वहिनींनीच त्यांना गप्प केलं. ‘सरकारने सोडलेले पैसे आपल्या नावावर कशाला? उद्या समोरच्या दुकानातही कुर्ता तेवढ्यालाच मिळाला, की बाई म्हणेल, ह्यांनी काय दिलं?’ मला हे फार पटलं. वहिनी दहावी झालेल्या आहेत, पण दुकान त्यांना माझ्या बीएपेक्षा जास्त कळतं.

चौथी गोष्ट भाऊजींची अगदी लाडकी, लकी ड्रॉ. हजाराच्या खरेदीवर कूपन, पाडव्याला सोडत, पहिलं बक्षीस मिक्सर. ह्यावर आमच्या वाड्यातल्या वकीलकाकांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सांगितलं की, माल खपावा म्हणून सोडत किंवा नशिबाचा खेळ ठेवणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथांमध्येच धरलेली गोष्ट आहे. सरकारने नियमांत वेगळ्या काढलेल्या असतील तेवढ्याच चालतात. ‘सगळीकडे करतात की!’ भाऊजी म्हणाले. काका म्हणाले, ‘करतात. म्हणून बरोबर होत नाही.’ मिक्सर रद्द झाला. भाऊजी दोन दिवस घुश्शात होते. त्या पैशांत काय करायचं ह्यावर वहिनींनी तोडगा काढला: दीड हजारांवरच्या बिलाला एका साडीचं फॉल-पिको मोफत. मिक्सर एकीला मिळाला असता, फॉल सगळ्यांना लागतो.

पण मोफत फॉल-पिकोलाही मर्यादा आहेच. दुकानासाठी फॉल लावणाऱ्या दोघीच बायका. दिवाळीच्या आधी त्यांच्या हातून दिवसाला किती साड्या निघणार? वहिनी त्यांना जाऊन विचारून आल्या. बुधवारपर्यंत, म्हणजे १५ तारखेपर्यंत दिलेल्या साड्या वसुबारसेला मिळतील, त्यानंतरच्या भाऊबीज झाल्यावर. हे आधीच सांगितलं नाही तर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दारात रांग, आणि आत सुई हातात घेऊन रडवेल्या झालेल्या दोन बाया. भाषणात तारीख आली ती अशी.

ह्या सगळ्यांत एक नियम आपोआप तयार झाला. एका साडीला एकच सवलत. म्हणून चिठ्ठ्यांचे रंग ठरवले. निळी चिठ्ठी वीस टक्क्यांची, पिवळी ‘तीनवर एक’ची, लाल अर्ध्या किमतीची. लाल चिठ्ठीच्या साड्या मोजल्या, त्या साठ भरल्या. ‘भरपूर साड्या अर्ध्या किमतीत’ असं न म्हणता ‘साठ साड्या’ म्हणायचं, आणि त्या दारापाशीच्या टेबलावर मांडायच्या, म्हणजे येणारीला पहिल्यांदा दिसतील आणि संपलेल्याही दिसतील. टेबल रिकामं झालं की ते उचलून आत न्यायचं, उगीच दुसरा माल त्यावर टाकायचा नाही. पैठण्यांवर सूट नव्हतीच. येवल्याच्या पैठणीवर सुटतं तेच थोडं असतं. त्यांना चिठ्ठी पांढरी.

आणखी एक काम, ते दुकानातल्या मुलींकडून करून घेतलं. चिठ्ठीवरची जुनी किंमत खरोखर जुनीच हवी. हजाराच्या साडीवर साडेबाराशे लिहून मग वीस टक्के सूट दिली, की साडी पुन्हा हजारालाच पडते. बायकांना हे कळत नाही असं समजू नका. श्रावणात तीच साडी हातात घेऊन ठेवून गेलेली बाई दिवाळीला तिची किंमत विसरलेली नसते. म्हणून जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्या शेजारी रंगीत चिठ्ठी लावायची. दोन्ही दिसल्या पाहिजेत.

आता भाषण. रविवारी दुपारी मी आणि वहिनींनी माजघरात बसून लिहिलं. मी लिहायचं, त्यांनी मोठ्याने म्हणायचं. त्यांची जीभ जिथे अडखळली तिथला शब्द बदलायचा. ‘सहर्ष’ला अडखळल्या, काढला. ‘सदर योजनेअंतर्गत’ला हसू आलं, काढलं. शेवटी राहिलं ते असं. कुणाला उपयोगी पडलं तर घ्या, आपल्या दुकानाप्रमाणे बदलून:

‘नमस्कार. सगळ्या ताई, वहिनी, मावशी, आणि त्यांना घेऊन आलेले दादा, भाऊ, तुमचं मनापासून स्वागत. जरा आत सावलीत सरका. लहान मुलांना पुढे घ्या. पाण्याचा माठ डाव्या हाताला आहे.

हे दुकान आमच्या आजेसासऱ्यांनी सुरू केलं. तुम्ही येत राहिलात म्हणून आज तिसरी पिढी गल्ल्यावर बसते आहे.

आजपासून आपला दिवाळी सेल सुरू होतो आहे. आज शनिवार, ११ तारीख. सेल पुढच्या रविवारपर्यंत, १९ तारखेच्या रात्री नऊपर्यंत आहे.

आता सवलती सांगते. चिठ्ठीचा रंग बघायचा, म्हणजे झालं.

निळी चिठ्ठी असेल त्या साडीवर वीस टक्के सूट. म्हणजे हजाराची साडी आठशेला.

पिवळी चिठ्ठी असेल तर तीन साड्या घ्या, चौथी मोफत. चारपैकी जी कमी किमतीची असेल ती मोफत.

लाल चिठ्ठी म्हणजे अर्धी किंमत. ह्या साठच साड्या आहेत, दारापाशीच्या टेबलावर. संपल्या की पुन्हा येणार नाहीत.

एका साडीला एकच सवलत. पांढऱ्या चिठ्ठीवर, म्हणजे पैठणीवर, सूट नाही. कुर्त्यांवरही सेलची सूट नाही. त्यांचा कर गेल्या महिन्यात कमी झाला, ती उतरलेली किंमत सेलनंतरही तशीच राहील. चिठ्ठीवरच्या सगळ्या किमती करासकट आहेत.

दीड हजारांवरच्या बिलाला एका साडीचं फॉल-पिको मोफत. बुधवारपर्यंत साडी दिलीत तर वसुबारसेला मिळेल. त्यानंतर दिलीत तर भाऊबीज झाल्यावर.

साडी सात दिवसांत बदलून मिळेल. बिल आणावं, चिठ्ठी काढू नये. फॉल लावल्यावर किंवा ब्लाउजपीस कापल्यावर बदलता येणार नाही. पण विणीत दोष निघाला तर फॉल लावलेली असली तरी आणा, आम्ही परत घेऊ.

काही शंका असली तर मी गल्ल्यावरच आहे. बिल करायच्या आधी विचारा.

आता आजी दिवा लावतील, आणि मग आपण आत जाऊ.’

वाचून पाहिलंत तर लक्षात येईल, सुरुवातीला कामाचं काहीच नाही. ते मुद्दाम. पहिली दोन वाक्यं गर्दीला ऐकूच येत नाहीत. माइक खरखरत असतो, लोक वळत असतात, कुणी कुणाला हाक मारत असतं. तिथे तारीख किंवा सवलत सांगितली की ती वाया गेली. पाणी, सावली, मुलं, एवढं बोलेपर्यंत माना वळतात. मग तारीख, वारासकट. नुसती तारीख डोक्यात राहत नाही, ‘पुढचा रविवार’ राहतो.

‘विणीत दोष निघाला तर’ हे वाक्य वकीलकाकांच्या सांगण्यावरून घातलं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी पुष्कळ दुकानांत असते. पण सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. रंग नाही आवडला, नणंदेकडे तसलीच निघाली, ह्याला मात्र हा कायदा नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो. दोन्ही वेगळं आहे, म्हणून भाषणातही वेगळं सांगितलं. आणि बिल मागून घ्याच, ‘कच्चं चालेल’ म्हणू नका. चिठोऱ्यावरचा आकडा घेऊन भांडता येत नाही.

दिवा कुणी लावायचा, ह्यावरही थोडा वाद झाला. भाऊजींच्या मनात कुणी पुढारी होते. पुढारी म्हणजे अर्धा तास उशीर, हारतुरे आणि त्यांचं स्वतंत्र भाषण. वहिनींनी फॉल लावणाऱ्या दोघींतल्या थोरल्या आजींना बसवलं. त्या दुकानासाठी वहिनींच्या लग्नाआधीपासून सुई धरताहेत.

माइकचं सांगायला विसरले. आदल्या संध्याकाळी मंडपवाल्याच्या माणसाकडून माइक लावून घेतला आणि वहिनींना तीनदा म्हणायला लावलं. तोंडाच्या अगदी जवळ धरला की ‘फॉल’, ‘भाऊबीज’ म्हणताना भस्सकन फुंकर ऐकू येते. मुठीएवढं अंतर ठेवलं की जाते. आणि माइक हातात घेऊन कर्ण्याच्या समोर उभं राहिलं की शिट्टी वाजते, म्हणून कर्ण्याच्या मागे उभं राहायचं. वहिनींच्या पायाखाली मी खडूने खूण करून ठेवली. कागद घडी न घातलेला, एका बाजूलाच लिहिलेला, अक्षर मोठं. पान उलटताना वाऱ्याने उडतो.

शनिवारी सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. वहिनी पहिल्या दोन वाक्यांना थरथरल्या, मग सावरल्या. तीन मिनिटांच्या जरा वर गेल्या. चिठ्ठ्यांचे रंग सांगताना मुलींनी एकेक साडी वर धरून दाखवली, ही वहिनींची स्वतःची युक्ती, आणि ती माझ्या सगळ्या लिखाणापेक्षा जास्त कामाची ठरली. आजींनी दिवा लावला. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या ऐकून भाऊजींना राहवलं नाही. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, ‘तर मंडळी, या, आज सगळ्यावर वीस टक्के!’

सगळ्यावर. एकच शब्द. माझ्या पोटात गोळा आला.

दहा मिनिटांत एक बाई पैठणी घेऊन गल्ल्यावर. नऊ हजारांची. म्हणाल्या, ‘दादांनी सांगितलं ना, सगळ्यावर.’ वीस टक्के म्हणजे अठराशे रुपये. त्या पैठणीवर दुकानाला सुटत होते अकराशे. म्हणजे सूट दिली तर पदरचे सातशे जाणार. भाऊजी पुढे होऊन ‘अहो, माझ्या म्हणण्याचा अर्थ…’ असं सुरू करणार, तोच वहिनींनी त्यांना हाताने थांबवलं. बाईंना म्हणाल्या, ‘बरोबर आहे तुमचं. आमच्याकडून तसं बोललं गेलं. तुम्हांला सात हजार दोनशेला देते.’ बिल केलं. आणि मग स्वतः बाहेर येऊन माइक घेतला: ‘एक चूक झाली, ती सुधारते. सूट सगळ्यावर नाही. पांढऱ्या चिठ्ठीच्या पैठणीवर आणि कुर्त्यांवर नाही. मघाशी तसं ऐकून कुणी पैठणी काढून ठेवली असेल, तर आत्ता गल्ल्यावर सांगा. त्यांना आम्ही शब्द पाळून देऊ. ह्यानंतर मात्र नाही.’

आणखी एकीने सांगितलं. तिची आठ हजारांची होती, तिला सोळाशे रुपये सोडले. दोन पैठण्यांत दुकानाला फटका बसला. पुढे तिसरी कुणी आली नाही. भाऊजी रात्री हिशेब करताना म्हणाले, दुसऱ्या बाईला द्यायला नको होतं, ती मागाहून उठलेली वाटली. वहिनींचं म्हणणं, आपण ‘सांगा’ म्हणालो आणि तिने सांगितलं. दोघांचं ह्यावर अजून एकमत नाही. मला विचाराल तर, चूक माइकवर झाली असेल तर ती माइकवरच सुधारायला हवी. गल्ल्यावर एकेकीला समजावत बसलात की प्रत्येकीशी वेगळं भांडण. पण दुसऱ्या पैठणीबद्दल माझंही मन अजून होत नाही काय म्हणायचं ते.

लाल चिठ्ठीच्या साठ साड्या रविवारी दुपारी संपल्या. टेबल आत नेलं, पण बाहेरच्या फलकावरची ओळ कुणाच्या लक्षात राहिली नाही. सोमवारी तीन जणी विचारून गेल्या आणि जाताना तोंड वाकडं करून गेल्या. मंगळवारी सकाळी वहिनींनी फलकावर त्या ओळीवरून कागद चिकटवला, ‘संपल्या’. तेव्हा, जी सवलत संपते तिचा फलक वेगळा करून घ्या, एकाच मोठ्या फलकात सगळं रंगवू नका. हे आम्हांला आधी सुचलं नाही.

पिवळ्या चिठ्ठीवरून एकही तक्रार आली नाही. बायका गल्ल्यावर येतानाच चौथी साडी वेगळी काढून आणायच्या आणि म्हणायच्या, ‘ही मोफतची.’

१९ तारखेला संध्याकाळी सात वाजता वहिनींनी शेवटचं माइकवर सांगितलं. चारच वाक्यं. ‘सेल आज रात्री नऊला संपतो. निळ्या चिठ्ठीच्या साड्या अजून आहेत, पिवळ्यांत थोड्याच उरल्या आहेत. आज दिलेलं फॉल-पिको भाऊबीज झाल्यावर मिळेल. बदलायची साडी बिलावरच्या तारखेपासून सात दिवसांत आणा.’ नऊला शटर अर्धं ओढलं. आत असलेल्या सगळ्यांची बिलं सेलच्याच भावाने झाली, कारण आत आली ती वेळेत आली असं धरायचं हे आधीच ठरवलेलं. शेवटचं बिल पावणेदहाला झालं.

आणि त्या, पाच साड्या टाकून गेलेल्या बाई? त्या आल्या नाहीत. पण त्यांची धाकटी जाऊ बुधवारी आली होती. निळ्या चिठ्ठीच्या दोन साड्या घेतल्या, आणि बिल करायच्या आधी वहिनींना तिने तीनदा विचारलं, ‘एवढेच ना? वर काही नाही ना?’